रानातल्या सौर पेटीत घरचा एमसीबी

लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात "सोळाचा एमसीबी द्या" म्हटलं, की दुकानदार पुढचं काही न विचारता बोटभर रुंदीचा एक पांढरा तुकडा काउंटरवर ठेवतो. त्यावर 'सी-१६' छापलेलं असतं. किंमत फार नसते, आणि घरात तो वर्षानुवर्षं निमूट काम करतो. सौर पंपाच्या पेटीतला एमसीबी जळाला आणि पुरवठादाराचा माणूस यायला चार दिवस लागणार असले, की गावातला वायरमन हाच तुकडा आणून बसवतो. मोटार सुरू होते, पाणी येतं, कुणाची तक्रार राहत नाही. पण चालू करण्याच्या कामात हा एमसीबी कधीच नापास होत नसतो. तो नापास होतो बंद करताना, आणि तेही ऊन तळपत असताना.

पूर्वी आपल्याकडे डीसी वीज म्हणजे ट्रॅक्टरची नाहीतर इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी. तिच्या तारेला हात लागला तरी काही वाटत नसे. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत घरांच्या छतांसाठी 'पीएम सूर्य घर' सुरू झाली. अर्धापूरच्या केळीत, औशाच्या सोयाबीनच्या रानात, लातूर शहरातल्या गच्चीवर आता तीनशे ते पाचशे व्होल्टची डीसी वीज पोचली आहे. वायरमनचा हात मात्र चाळीस वर्षांच्या एसीवर बसलेला आहे. घोळ होतो तो इथे.

महावितरणच्या तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह एकदा या दिशेनं जातो, एकदा त्या दिशेनं, आणि दिशा बदलताना दोनदा शून्यावर येतो. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, दर दहा मिलिसेकंदांनी, तारेतला प्रवाह क्षणभर नाहीसाच होतो. एमसीबीची दांडी खाली पडते तेव्हा आतले दोन कॉन्टॅक्ट एकमेकांपासून काही मिलिमीटर दूर जातात, पण प्रवाह लगेच थांबत नाही. तो मधल्या हवेतून उडी मारतो, हवा तापून स्वतःच वीजवाहक बनते आणि दोन कॉन्टॅक्टमध्ये हजारो अंश तापमानाची एक निळसर ज्योत पेटते. हिला आर्क म्हणतात. एसीमध्ये पुढच्या शून्याला प्रवाह थांबतो, ज्योत विझते, हवा थंडावते आणि कॉन्टॅक्टमधलं अंतर पुन्हा आर्क पेटू देत नाही. घरच्या एमसीबीला आर्क विझवण्यासाठी जिवाचं रान करावं लागत नाही. विजेच्या स्वभावातच त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

पॅनलमधून येणाऱ्या विजेला शून्य नाही. सूर्य आहे तोवर प्रवाह एकाच दिशेनं, एकाच जोरानं वाहतो. कॉन्टॅक्ट उघडले, आर्क पेटली, की ती आपोआप विझण्याचं कारणच उरत नाही. ती विझवायचा एकच मार्ग आहे. आर्क इतकी ताणायची, इतकी थंड करायची आणि तिचे इतके तुकडे करायचे, की ती टिकवायला लागणारं व्होल्टेज पॅनलच्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्हावं. त्यासाठी एमसीबीच्या आत लोखंडी पट्ट्यांची एक चळत असते. आर्क तीत शिरली की तिचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा साधारण वीस-पंचवीस व्होल्ट खातो.

वाचणाऱ्याच्या मनात इथे शंका येईल, की अशी चळत तर घरच्या एमसीबीतही असते. असते. पण ती बनवली आहे शॉर्टसर्किटच्या वेळच्या हजारो अँपिअरसाठी. एवढा मोठा प्रवाह स्वतःच जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि ते क्षेत्र आर्कला ढकलून चळतीत फेकतं. सौर तारेतला प्रवाह असतो तेरा-चौदा अँपिअर. त्याचं चुंबकीय क्षेत्र इतकं दुबळं, की आर्क चळतीपर्यंत जातच नाही. कॉन्टॅक्टच्या टोकांवरच बसून जळत राहते. एसीमध्ये हे चाललं असतं, कारण दहा मिलिसेकंदांत शून्य येणारच होतं. डीसीमध्ये ती बसल्या जागी प्लास्टिक वितळवते. हजारो अँपिअर सहज तोडणारा एमसीबी तेरा अँपिअरपुढे हात टेकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गोष्ट तशीच आहे.

पॅनलचा आणखी एक गुण इथे अंगाशी येतो. बॅटरी किंवा मेन्सला आपण एका ठरलेल्या व्होल्टेजचा स्रोत मानतो. पॅनल तसं नाही. त्याचा प्रवाह जवळजवळ ठरलेला असतो आणि व्होल्टेज परिस्थितीप्रमाणे खालीवर होतं. म्हणून आर्कनं शंभर व्होल्ट मागितले, तर पॅनल शंभर व्होल्ट देऊन पुन्हा आपले तेरा अँपिअर ओततच राहतं. गुणाकार करा: १,३०० वॅट. बादलीतलं पाणी तापवणारी रॉड साधारण एवढीच शक्ती खाते. ती रॉड काडेपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत, पाण्याशिवाय चालू ठेवली तर डबीचं काय होईल, ते सांगायला नको.

डीसीसाठी बनवलेला एमसीबी यावर उपाय म्हणून आत कायमचुंबक ठेवतो. प्रवाह लहान असला तरी चुंबक आर्कला धक्का देऊन पट्ट्यांच्या चळतीत ढकलतो, चळत मोठी असते आणि कॉन्टॅक्ट जास्त दूर जातात. एका पोलनं भागत नसेल तर दोन किंवा चार पोल ओळीत जोडलेले असतात, म्हणजे एका दांडीत आर्क चार जागी तुटते. डीसी वीज तोडणं माणसाला नवीन आहे असं मुळीच नाही. मुंबईच्या लोकल १९२५ पासून जवळजवळ नव्वद वर्षं १,५०० व्होल्ट डीसीवर धावल्या, आणि त्यांच्या सबस्टेशनमधले ब्रेकर मुद्दाम त्या कामासाठी बनवलेलेच असत. नवीन आहे ते एवढंच, की ही वीज आता आखाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आली आहे.

चुंबकामुळे एक नवी जबाबदारीही येते. चुंबकाचा धक्का प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असतो. प्रवाह उलटा गेला की आर्क चळतीकडे जाण्याऐवजी विरुद्ध बाजूला, स्प्रिंग आणि दांडीच्या यंत्रणेकडे ढकलली जाते. म्हणून अशा एमसीबीवर अधिक-उणे खुणा असतात आणि पॅनलची तार कुठल्या टोकाला, लोडची कुठल्या, याचं चित्र बाजूला छापलेलं असतं. चित्र न बघता जोडलेला महागडा डीसी एमसीबी घरच्या एमसीबीइतकाच धोकादायक ठरतो. काही कंपन्या दिशेचं बंधन नसलेले डीसी एमसीबीही बनवतात. मिळाला तर तोच घ्यावा, विशेषतः जिथे प्रवाह दोन्ही दिशांनी जाऊ शकतो अशा बॅटरीच्या तारेवर.

मग वायरमन म्हणतो, "मी दहा ठिकाणी साधाच बसवलाय, काही झालं नाही." तो खोटं बोलत नाही. रोज संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हा कंट्रोलर आपोआप थांबतो. मोटार बंद करायची तर शेतकरी कंट्रोलरचं बटण दाबतो. दोन्ही वेळा एमसीबीची दांडी वरच असते. वर्षात कधीतरी कुणी खाली केली, तरी बहुधा मोटार बंद असतानाच, म्हणजे प्रवाह शून्य असताना. त्या दहा एमसीबींची परीक्षा झालेलीच नाही. परीक्षा होते ती एखाद्या दुपारी बारा वाजता, मोटार पूर्ण जोरात चालू असताना, कुणीतरी घाबरून पेटी उघडतो आणि दांडी खाली ओढतो तेव्हा. नेमकं त्याच वेळी त्याचा चेहरा पेटीसमोर असतो.

आता एक हिशोब आकड्यांनिशी करून पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप धरा. राज्याच्या योजनेत अडीच ते पाच एकरांच्या शेतकऱ्याला हाच मिळतो. त्यासाठी साधारण पावणेपाच-पाच किलोवॅटची पॅनल लागतात. समजा ५४० वॅटची नऊ पॅनल एका ओळीत जोडली आहेत. अशा पॅनलच्या मागच्या स्टिकरवर साधारणपणे असं लिहिलेलं असतं: खुल्या टोकांचं व्होल्टेज ४९.५, शॉर्टसर्किट प्रवाह १३.८५ अँपिअर, कमाल फ्यूज २५ अँपिअर. तुमच्या पॅनलचे आकडे थोडे वेगळे असतील. हिशोब त्याच आकड्यांनी करायचा.

नऊ पॅनलचं खुलं व्होल्टेज झालं ४४५. पण स्टिकरवरचा आकडा २५ अंश तापमानाचा आहे, आणि पॅनल जितकं थंड, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. उन्हाळ्यात रान भाजतं तेव्हा व्होल्टेज उतरतं. जास्तीत जास्त व्होल्टेज मिळतं जानेवारीतल्या सकाळी, सूर्य नुकताच वर आलेला असतो आणि मोटार अजून सुरू झालेली नसते तेव्हा. आपल्याकडे त्या दिवसांत पारा आठ-दहा अंशांपर्यंत येतो. दर अंशाला साधारण ०.२८ टक्के धरलं, तर सतरा अंशांच्या फरकानं पावणेपाच टक्के वाढतात. ४४५ चे झाले ४६७ व्होल्ट. एमसीबी निवडताना पहिला आकडा हा. अँपिअर नंतर.

घरच्या एमसीबीवर काय लिहिलेलं असतं? २४०/४१५ व्होल्ट, आणि शेजारी नागमोडी रेघ, म्हणजे एसी. काही नामांकित कंपन्या आपल्या माहितीपत्रकात त्याच एमसीबीची डीसी क्षमताही देतात: एका पोलला साधारण साठ-सत्तर व्होल्ट, दोन पोल ओळीत जोडले तर सव्वाशे. म्हणजे जुन्या घरगुती संचातलं बारा व्होल्टचं एकच पॅनल असेल, ज्याचं खुलं व्होल्टेज बावीसच्या आसपास असतं, आणि कंपनीनं तसं लिहून दिलेलं असेल, तर घरचा एमसीबी तिथे चालतो. सरसकट नको म्हणणंही बरोबर नाही. पण ४६७ व्होल्टपुढे ही क्षमता कुठेच पुरत नाही. चार पोल ओळीत लावायचा जुगाड केला तरी नाही.

या पेटीला हवा डीसी ६०० किंवा १,००० व्होल्टचा, सौर वापरासाठी बनवलेला ब्रेकर. त्याच्यावर डीसीची खूण असते: एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा. मानकाचा क्रमांक आयईसी ६०९४७-२ असतो. घरगुती एसी एमसीबीवर तो ६०८९८-१ असतो. दुकानात नाव विचारण्यापेक्षा हा क्रमांक शोधणं सोपं. व्होल्टेजच्या आकड्याशेजारी किती पोल ओळीत जोडल्यावर तो आकडा खरा ठरतो, हेही लिहिलेलं असतं. चार पोलच्या एमसीबीवर १,००० लिहिलंय म्हणून त्याचे दोनच पोल वापरले, तर क्षमता अर्धी उरते. शिवाय 'एसी/डीसी दोन्हीला चालेल, १,००० व्होल्ट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला, पण मानकाचा क्रमांक आणि जोडणीचं चित्र नसलेला स्वस्त माल बाजारात सर्रास आहे. तो घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आता अँपिअर. नियम असा, की शॉर्टसर्किट प्रवाहाला सव्वापट करायचं, कारण ढगांच्या कडेवरून परावर्तित झालेलं ऊन कधीकधी नेहमीपेक्षा प्रखर पडतं. १३.८५ चे झाले १७.३. वीसचा ब्रेकर घ्यावा असं वाटेल. पण मे महिन्यात लातूर-नांदेडला हवाच ४२-४३ अंश असते, आणि उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या पेटीच्या आत सहज साठ होतात. ब्रेकरवरचा आकडा असतो तीस-चाळीस अंशांसाठी. साठ अंशांना त्यातले पंधरा टक्के किंवा जास्त गळतात, म्हणजे वीसचा सतरावर येतो आणि उगाच ट्रिप होऊ लागतो. मग वायरमन तो काढून दुसरं काहीतरी लावतो, आणि गोष्ट पुन्हा पहिल्या परिच्छेदावर येते. पंचविसाचा ब्रेकर घ्या आणि पेटी पॅनलच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला लावा.

"पंचविसाचा घेतला तर शॉर्टसर्किट झाल्यावर तो पडेल का?" हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर अनेक इलेक्ट्रिशियनलाही चकित करतं. नाही पडणार. सोळाचा असता तरी पडला नसता. पॅनल पूर्ण शॉर्ट झालं तरी १३.८५ अँपिअरच देतं, आणि मोटार चालवताना ते तेरा देतच होतं. एमसीबीला फरक कळायला मुळात जागाच नाही. घरात फेज-न्यूट्रल भिडले की शेकडो अँपिअर येतात आणि तो क्षणात पडतो. तो अनुभव इथे विसरायचा. उंदरानं तार कुरतडली, अधिक-उणे एकमेकांना टेकले, तर ती जागा संध्याकाळपर्यंत जळत राहील आणि एमसीबी शांतपणे वर दांडी करून बसेल. एका ओळीच्या पॅनलमध्ये डीसी एमसीबी म्हणजे संरक्षण नव्हे. तो आहे बंद करायचा खटका. म्हणूनच अशा ठिकाणी एमसीबीऐवजी डीसी आयसोलेटर नावाचा साधा, आपोआप न पडणारा स्विच लावला तरी चालतो. त्यावर 'डीसी-पीव्ही' गटाची खूण बघायची. खरं संरक्षण तारेचं असतं: दोन आवरणांची सौर केबल, अधिक आणि उणे शक्यतो वेगवेगळ्या पाइपांतून, आणि उंदरांना वाट नाही अशी.

फ्यूज कुठे लागतो, ते याच तर्कानं कळतं. लातूरच्या एखाद्या दुकानाच्या गच्चीवर अशाच नऊ-नऊ पॅनलच्या तीन ओळी आहेत आणि त्या एकत्र जोडून इन्व्हर्टरच्या एकाच टोकाला नेल्या आहेत असं समजा. एका ओळीत बिघाड झाला, तर बाकीच्या दोन ओळी आपला प्रवाह इन्व्हर्टरला देण्याऐवजी त्या आजारी ओळीत उलटा ओततात. दोन गुणिले १३.८५, म्हणजे २७.७ अँपिअर. पॅनलच्या स्टिकरवर कमाल फ्यूज २५ लिहिलं होतं. पॅनलच्या आतल्या पट्ट्या तेवढंच सोसतात. इथे फ्यूज हवाच. ओळी दोनच असत्या, तर उलटा प्रवाह १३.८५ च्या वर गेला नसता आणि फ्यूजची गरज पडली नसती. छतावरच्या तीन किलोवॅटच्या घरगुती संचात सहसा एकच ओळ असते. तिथे विक्रेत्यानं फ्यूज नाही लावला म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

आकडा काढायचा असा: शॉर्टसर्किट प्रवाहाच्या दीडपटीपेक्षा जास्त, २.४ पटीपेक्षा कमी, आणि पॅनलच्या स्टिकरवरच्या कमाल फ्यूजपेक्षा जास्त नाही. दीडपट झाली २०.८, २.४ पट ३३.२, स्टिकर म्हणतो २५. म्हणजे पंचवीस. प्रत्येक ओळीच्या अधिक तारेला एक आणि उणे तारेला एक, कारण आपल्याकडच्या बहुतेक संचांत दोन्हीपैकी एकही तार जमिनीला जोडलेली नसते. फ्यूजवर 'जीपीव्ही' अशी खूण आणि १,००० व्होल्ट डीसी लिहिलेलं असावं. पांढऱ्या चिनीमातीच्या, १० बाय ३८ मिलिमीटरच्या या नळ्या असतात. याच मापाच्या एसी नळ्याही मिळतात आणि त्या होल्डरमध्ये अगदी व्यवस्थित बसतात. फसगत होते ती यामुळे.

नळीच्या आत चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची पातळ पट्टी असते, तिला ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या असतात आणि भोवती कोरडी, स्वच्छ क्वार्ट्झ वाळू दाबून भरलेली असते. पट्टी वितळते तेव्हा सगळ्या खाचांवर एकदम आर्क पेटते, म्हणजे एकाच मोठ्या आर्कऐवजी ओळीत अनेक लहान. वाळू ती उष्णता शोषून घेते आणि वितळून काचेसारखी घट्ट होते. डीसी विझवणारं सगळं कसब या वाळूत आणि खाचांत आहे. आपल्याकडे मात्र कटाउट उडाला की त्यात केबलचा एक धागा गुंडाळायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मोटारीच्या एसी स्टार्टरमध्येही ते वाईटच, पण निदान शून्य मदतीला येतं. सौर पेटीच्या फ्यूज होल्डरमध्ये तांब्याची तार घातली, तर ती एक तर कधी तुटणार नाही, आणि तुटलीच तर होल्डरच्या दोन टोकांमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्टची आर्क मोकळ्या हवेत नाचेल.

फ्यूज होल्डर हा स्विच नाही, हेही ठासून सांगावं लागतं. त्याची झडप उघडून नळी बाहेर ओढली की प्रवाह तुटतो, म्हणून काही जण त्यालाच बंद करायचा खटका समजतात. चालू प्रवाहात तो उघडला की आर्क बोटांजवळ पेटते. पॅनलच्या तारा जोडणारे जे काळे प्लग असतात, त्यांचंही तसंच. क्रम नेहमी एकच: आधी कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करायचा, प्रवाह शून्यावर गेला याची पडद्यावर खात्री करायची, मग डीसी ब्रेकर, आणि सर्वात शेवटी फ्यूज किंवा प्लग. एवढं सगळं केल्यावरही पॅनलपासून ब्रेकरपर्यंतची तार दिवसा जिवंतच असते. ब्रेकर पाडून ती मेली असं धरू नये.

जास्त ब्रेकर लावले म्हणजे जास्त सुरक्षा, असाही एक समज आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या मानकानं छतावर पॅनलजवळ डीसी आयसोलेटर सक्तीचा केला. ऊन-पावसात उघड्यावर राहून त्यांतच पाणी शिरू लागलं आणि तेच आगीचं मोठं कारण ठरले. शेवटी २०२१ मध्ये नियम बदलून ती सक्ती काढावी लागली. आपल्याकडे उन्हाळ्यात तापून वाकडं झालेलं पेटीचं झाकण आणि जूनमधला पहिला तिरका पाऊस ही जोडी त्याहून वेगळी नाही. लागतील तेवढेच ब्रेकर, पेटीच्या तारा खालून आत, आणि वरच्या बाजूला एकही भोक नाही.

घरच्या इन्व्हर्टर-बॅटरीचा डीसी मात्र याच्या अगदी उलट वागतो. तिथे व्होल्टेज बारा, त्यामुळे आर्क टिकत नाही. पण दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी शॉर्ट झाली तर हजार-दोन हजार अँपिअर ओकते आणि तार लाल होऊन आवरण पेटतं. पॅनलच्या बाजूला फ्यूज शॉर्टसर्किटमध्ये उडत नाही, इथे तो उडायलाच हवा, आणि एवढा प्रवाह तोडण्याची त्याची क्षमता लिहिलेली हवी. सातशे वॅटच्या लोडला बॅटरी उतरत आली असताना साधारण पाऊणशे-ऐंशी अँपिअर लागतात. म्हणून शंभरचा डीसी फ्यूज, पंचवीस चौरस मिलिमीटरची तार, आणि फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेला कुणीच वाली नसतो.

बिघाड सुरू झाल्याची चाहूल बहुधा आधी लागते. ब्रेकरच्या स्क्रूजवळ प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडतं, पेटी उघडली की जळक्या माशासारखा उग्र वास येतो, किंवा भर उन्हात आतून बारीक फुसफुस ऐकू येते. फुसफुस ऐकू आली, तर पेटीत हात घालायचा नाही. कंट्रोलर बटणानं बंद करायचा, दूर व्हायचं, आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर पेटी उघडायची. नुसताच रंग बदललेला दिसला, तर वरच्या क्रमानं सगळं बंद करून ब्रेकर आणि तारेचं टोक दोन्ही बदलायचं, कारण एकदा तापलेलं टोक नव्या ब्रेकरलाही तापवतं. योजनेतल्या पंपांना पुरवठादाराची पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. त्या काळात जळालेल्या ब्रेकरचा आणि पॅनलमागच्या स्टिकरचा फोटो काढून तक्रार नोंदवावी, आणि माणूस येईपर्यंत मोटार बंद ठेवावी. चार दिवस केळीला पाणी मिळणार नाही, हे खरं आहे. पण दुकानातून आणलेला सी-१६ त्या चार दिवसांसाठीसुद्धा लावू नये.